गटरकडे टाकलेला बॉल परत येतो कसा?

टीव्हीवर बोलिंगचा सामना पाहताना सगळ्यांनाच पडणारा प्रश्न आहे हा. खेळाडू बॉल टाकतो तो उजवीकडे, जवळजवळ गटरच्या दिशेने. आता हा गेलाच, असं वाटतं, आणि शेवटच्या पंधरा-वीस फुटांत तोच बॉल डावीकडे वळतो, मधल्या पिनांत घुसतो आणि दहाच्या दहा पिना आडव्या करतो. याला हूक म्हणतात. मॉलमधल्या बोलिंगच्या लेनवर आपण हेच करायला जातो तेव्हा एक तर बॉल नाकासमोर जातो, नाहीतर खरोखरच गटरमध्ये पडतो. मनगट कितीही जोरात पिळलं तरी काही उपयोग होत नाही.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. बॉल वळतो का? आणि आपला का वळत नाही? पण त्याआधी, वळवायचा तरी कशाला, हे पाहू. बॉल सरळ टाकून पिना पडतातच की.

१. सरळ बॉलचं गणित कुठे अडतं

फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंतचं अंतर ६० फूट आणि लेनची रुंदी साधारण ४१.५ इंच. या रुंदीत ३९ उभ्या पट्ट्या असतात, म्हणजे प्रत्येक पट्टी इंचाहून किंचित मोठी. पट्ट्या उजव्या कडेपासून मोजायच्या, डावखुऱ्याने डाव्या कडेपासून. या प्रकरणात सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या हिशेबाने सांगितलं आहे. डावखुऱ्यांनी आरशात पाहिल्यासारखं उलटं करून घ्यावं.

स्ट्राइक हवा असेल तर बॉल पहिल्या पिनच्या नाकावर आदळून चालत नाही. तो पहिली आणि तिसरी पिन यांच्या मधल्या खाचेत शिरावा लागतो. तिला पॉकेट म्हणतात आणि बॉलचा मध्य तिथे साडेसतराव्या पट्टीच्या आसपास असावा लागतो. चांगल्या स्ट्राइकमध्ये बॉल स्वतः फक्त चार पिनांना लागतो: पहिली, तिसरी, पाचवी आणि नववी. बाकीच्या सहा पिना पाडायचं काम पिनाच करतात. पहिली दुसरीला पाडते, दुसरी चौथीला, चौथी सातवीला. तिसरी सहावीला आणि सहावी दहावीला पाडते. आठवी पाचवीच्या वाट्याला येते.

ही साखळी पुरी व्हायची तर पहिल्या पिनला लागल्यावर बॉल उजवीकडे फार ढकलला जाता कामा नये. पाचव्या पिनपर्यंत पोहोचण्याइतका तो डावीकडे जात राहिला पाहिजे. म्हणून तो पॉकेटमध्ये तिरका शिरणं महत्त्वाचं. हा तिरकेपणा ४ ते ६ अंशांचा असला की थोडं इकडेतिकडे लागूनही दहा पिना पडण्याची शक्यता चांगली राहते.

आता सरळ बॉल किती तिरका टाकता येतो ते पाहू. अगदी उजव्या कडेच्या पट्टीवरून थेट पॉकेटवर नेम धरला, तर बॉल ६० फुटांत सुमारे १८ इंच डावीकडे सरकतो. ७२० इंचांत १८ इंच म्हणजे जेमतेम दीड अंश. लेनच इतकी अरुंद आणि लांब आहे, की सरळ रेषेत याहून जास्त तिरकं जाताच येत नाही. उरलेले अंश वाटेत वळूनच मिळवावे लागतात.

२. बॉल आधी लोळत नाही, घसरतो

बॉल हातातून सुटला की तो लोळत जातो असं आपण समजतो. प्रत्यक्षात सुरुवातीला तो मुख्यतः घसरत असतो. एक ठरावीक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत वापरू.

समजा, बॉल ताशी २९ किलोमीटर वेगाने सुटला, म्हणजे सेकंदाला साधारण २६ फूट. बॉलचा घेर २७ इंच, म्हणजे सव्वादोन फूट. न घसरता लोळायचं असेल तर या वेगाला त्याने मिनिटाला ७०० च्या आसपास फेरे घ्यायला हवेत. आपल्या उदाहरणातला खेळाडू बरा आहे. त्याच्या हातून मिनिटाला २४० फेरे मिळतात, म्हणजे सेकंदाला चार. त्या फेऱ्यांमुळे बॉलचा पृष्ठभाग सेकंदाला ९ फुटांच्या वेगाने फिरतो. बॉल पुढे जातोय २६ फुटांनी आणि फिरतोय ९ फुटांपुरता. मधली तफावत म्हणजे बॉलचा तळ लेनवर घासत, घसरत चालला आहे.

जिथे घसरणं तिथे घर्षण. ते घसरण्याच्या उलट दिशेने ओढतं आणि दोन कामं करतं: बॉलचा वेग कमी करतं आणि त्याचे फेरे वाढवतं. दोन्ही जुळले की घसरणं थांबतं, बॉल खऱ्या अर्थाने लोळू लागतो आणि तिथून पुढे सरळ रेषेत जातो. म्हणजे जे काही वळायचं ते घसरता घसरताच. लोळू लागलेला बॉल वळत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. तेलाची सगळी भानगड त्यावरच उभी आहे.

३. आसाचा कोन

बॉल फिरतो तो एका काल्पनिक आसाभोवती. त्याच्या आरपार सळई घातली आहे आणि तो तिच्याभोवती फिरतोय, असं समजा. बॉल निव्वळ पुढच्या दिशेने फिरत असेल तर ही सळई लेनला आडवी असते, डावीकडून उजवीकडे. अशा बॉलच्या आसाचा कोन शून्य. आता सळई जमिनीला समांतर ठेवून तिचं डावं टोक आपल्याकडे आणि उजवं टोक पिनांकडे वळवत न्या. सळई लेनच्या लांबीत आली की कोन ९० अंश. तेव्हा बॉल पुढच्या दिशेने मुळीच फिरत नाही, नुसता बाजूला फिरतो. बोलिंगवाले यालाच ‘अ‍ॅक्सिस रोटेशन’ म्हणतात.

कोन शून्य असेल तर बॉलचा तळ फक्त पुढे घसरतो, घर्षण फक्त मागे ओढतं आणि बॉल सरळच जातो. मग फेरे कितीही द्या. कोन दिला की तळ पुढे घसरतानाच थोडा उजवीकडेही घसरतो. घर्षण उलट ओढत असल्यामुळे बॉलला डावीकडे सतत एक हलका रेटा मिळत राहतो. हाच हूक.

लेगस्पिन पाहिलेल्या माणसाला हे नवं नाही. उजव्या हाताच्या लेगस्पिनरचा चेंडूही, त्याच्या जागेवरून पाहिलं तर, उजवीकडून डावीकडे वळतो आणि वळवतं ते खेळपट्टीशी होणारं घर्षणच. फरक इतकाच, की क्रिकेटचा चेंडू जमिनीला क्षणभर टेकतो, तर हा बॉल तिला साठ फूट चिकटून असतो.

शेवटी बॉल किती अंशांनी वळेल याचा एक सुटसुटीत नियम आहे. बॉल आतून सगळीकडे सारखा भरीव आहे असं धरलं, तर लोळू लागेपर्यंत त्याचा अंतिम वेग असा ठरतो: मूळ वेगाचे सात भागांतले पाच आणि फिरण्याच्या वेगाचे सात भागांतले दोन, प्रत्येक आपापल्या दिशेने. आपल्या उदाहरणात आसाचा कोन ४५ अंश ठेवला, तर फिरण्याचे ९ फूट पुढे आणि बाजूला सारखे वाटले जातात, दोन्हीकडे साडेसहा फुटांच्या आतबाहेर. हिशेब केला की शेवटी बॉल पुढे सेकंदाला २०.७ फूट आणि डावीकडे १.८ फूट जातो. त्याची दिशा सुटतानाच्या रेषेपासून ५ अंशांनी बदललेली असते. नेम किंचित बाहेर, समजा एक अंश उजवीकडे धरला होता, तर बॉल पॉकेटमध्ये ४ अंशांनी शिरतो. सरळ बॉलला कधीच न मिळणारा आकडा.

मग कोन ९० केला तर? वळण वाढून आठ अंशांच्या जवळ जातं. पण पुढच्या दिशेने अजिबात न फिरणारा बॉल जास्त वेळ घसरतो आणि ते वळण पुरं होईपर्यंत जेमतेम पिना येऊन ठेपतात. थोडं जास्त तेल असलं की ते अपुरंच राहतं. म्हणून शिकताना ४५ अंशांच्या आसपासचा कोन शहाणपणाचा.

या नियमात एक गोष्ट कुठेच आली नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? घर्षण किती आहे, ते.

४. मग तेलाचं काय काम?

एकूण वळण किती, हे हातातून सुटतानाच ठरून गेलेलं असतं. ते कुठे घडेल, हे तेल ठरवतं. माझ्या मते हूकबद्दलची सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच आणि ती फार कमी लोकांना सांगितली जाते.

लेनवर तेल टाकायला सुरुवात झाली ती लाकूड घासून खराब होऊ नये म्हणून. आजच्या कृत्रिम पृष्ठभागाच्या लेनवरही यंत्राने तेल पसरतात आणि ते सगळं मिळून चार-पाच चहाच्या चमच्यांइतकं असतं. सर्वसाधारण लेनवर ते सुरुवातीपासून सुमारे ४० फुटांपर्यंत असतं आणि शेवटचे वीस फूट कोरडे. आडवं पाहिलं तर मध्यावर थर जाड आणि दोन्ही कडांना पातळ.

तेलावर घर्षण फार कमी, कोरड्यावर त्याच्या साधारण पाचपट. लेगस्पिनच्या भाषेत तेलातले ४० फूट म्हणजे चेंडू हवेत असतानाचा काळ आणि जिथे तेल संपतं तिथे टप्पा. आता आपला तोच बॉल तीन वेगवेगळ्या लेनवर टाकून पाहू.

पहिली लेन पूर्णपणे तेलकट. तेलाच्या घर्षणावर घसरणं थांबायला जवळजवळ पावणेपाच सेकंद लागतील. बॉल तर अडीच सेकंदांच्या आत पिनांपाशी पोहोचतो. म्हणजे वळण खात्यात जमा आहे, पण काढायला वेळच नाही.

दुसरी लेन पूर्णपणे कोरडी. घसरणं सेकंदभरातच, साधारण २२ फुटांवर थांबतं. सगळं वळण तिथेच खर्च होतं आणि उरलेले ३८ फूट बॉल पाच अंशांनी डावीकडे सरळ जात राहतो. म्हणजे तीन फुटांहून जास्त, जवळपास अख्ख्या लेनची रुंदी. तो पहिल्या पिनच्या डावीकडून निघून जातो. हे टाळायला नेम खूप बाहेर धरावा लागतो आणि नेम जितका बाहेर, तितका पॉकेटमध्ये शिरण्याचा कोन कमी होतो.

तिसरी लेन नेहमीची, ४० फूट तेल असलेली. तेलातून जायला सुमारे १.६ सेकंद लागतात आणि त्यात वळण थोडंच खर्च होतं. कोरड्यावर आल्यावर ०.६ सेकंदात, म्हणजे १४ फुटांत, घसरणं थांबतं. बॉल ५४ व्या फुटावर लोळू लागतो आणि शेवटचे सहा फूट सरळ पॉकेटकडे जातो. दहाव्या पट्टीवरून एक अंश बाहेर टाकलेला हा बॉल सातव्या पट्टीच्या आसपास जातो, बराच वेळ तिथेच रेंगाळतो आणि मग वळून साडेसतराव्या पट्टीवर येतो. वळलाच नसता, तर पिनांपर्यंत पोहोचण्याआधी गटरमध्ये गेला असता. प्रेक्षकाला वाटणारी भीती अगदीच खोटी नसते.

कडांना तेल पातळ ठेवण्यात एक मेहेरबानीही आहे. नेम चुकून बॉल जास्त बाहेर गेला तर तिथे कोरडं जास्त, म्हणून तो जास्त वळून परत येतो. चुकून आत गेला तर तिथे तेल जास्त, म्हणून तो कमी वळतो. दोन्ही चुका पॉकेटकडेच ढकलल्या जातात. स्पर्धांमध्ये तेलाचा थर आडवा जवळपास सारखा ठेवतात आणि ही मेहेरबानी काढून घेतात. ओळखीच्या लेनवर भरपूर गुण करणारा खेळाडू स्पर्धेत चाचपडतो, त्याचं एक कारण हे.

एक मर्यादा सांगायला हवी. वरचा हिशेब आतून एकसारख्या बॉलचा आहे. आजच्या खेळाडूंच्या बॉलच्या पोटात मुद्दाम वेगळ्या आकाराचा जड गाभा बसवलेला असतो. त्यामुळे बॉलचा आस वाटेत जागा बदलतो आणि तेल न लागलेला नवा भाग लेनवर येत राहतो. बॉलच्या सालीचा फरक तर त्याहून मोठा. मॉलमध्ये भाड्याने मिळणारे बॉल पॉलिएस्टरचे, गुळगुळीत असतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेनचे बॉल आले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचे. हे शेवटचे कोरड्या लेनला कितीतरी जास्त धरतात. म्हणून टीव्हीवरचं वळण भाड्याच्या बॉलकडून मागू नये.

५. सुरुवात कशी करायची

नवशिक्या मनगट पिळतो आणि तिथेच फसतो. पिळताना हात बॉलच्या वर जातो, अंगठा खाली येतो आणि आस आडवा राहायच्या ऐवजी उभा होऊ लागतो. उभ्या आसाभोवती बॉल जागच्या जागी गरगर फिरतो. त्याच्या तळाचा फिरण्याचा वेग नगण्य होतो आणि घर्षणाला धरायला काही उरत नाही. फेरे भरपूर दिसतात, वळण काहीच नाही.

हवं ते याच्या उलट आहे. हात बॉलच्या मागे आणि थोडा खाली राहिला पाहिजे. मागून पाहताना बॉलवर घड्याळाची तबकडी कल्पा. हात झोक्यातून खाली येताना मधली दोन बोटं सहाच्या आकड्यावर असतात. आधी अंगठा भोकातून निसटतो. मग क्षणभर बॉलचा सगळा भार दोन बोटांवर येतो आणि ती बोटं सहावरून पाच, पाचवरून चारकडे जात बॉल सोडतात. एवढंच. पाव फेरीसुद्धा नाही. सुटल्यावर हात समोरच्याशी हस्तांदोलन करायला पुढे केल्यासारखा थांबला, अंगठा वर असला, तर बरोबर. अंगठा जमिनीकडे पाहत असला, तर पुन्हा मनगट पिळलं गेलं.

अंगठा आधी निसटणं हा सगळ्या कृतीचा गाभा आहे आणि भाड्याच्या बॉलमध्ये नेमकं तेच अडतं. भोक मोठं असलं की बॉल पडू नये म्हणून आपण अंगठा आवळतो. आवळलेला अंगठा बोटांच्या बरोबरच सुटतो आणि फेरे मिळत नाहीत. त्यामुळे वजनापेक्षा आधी भोक पाहा. अंगठा पूर्ण आत जाऊन, न घासता पण न हलता बाहेर यायला हवा. असा बॉल वजनाला थोडा हलका मिळाला तरी चालेल.

पहिले काही दिवस धावत येऊन टाकू नका. फाउल लाइनच्या मागे डावा पाय पुढे ठेवून उभे राहा, बॉल नुसता मागे-पुढे झुलू द्या आणि घोट्याजवळ आला की सोडा. पिना किती पडल्या ते पाहूच नका. बॉलवरची भोकं कशी फिरतात ते पाहा. ती बाजूने तिरकी फिरताना दिसली की कोन मिळाला. मग एक पाऊल, त्यानंतर नेहमीची चार.

वेगाचा मोहही आवरा. समजा, तुमच्या हातून २४० ऐवजी १२० च फेरे मिळतात. ताशी २९ किलोमीटर वेगाने टाकलात तर एकूण वळण अडीच अंशांच्या थोडं वर येईल. तोच बॉल ताशी २१ ने टाकला, तर साडेतीन अंशांच्या वर. शिवाय बॉल सावकाश जात असल्यामुळे घर्षणालाही जास्त वेळ मिळतो. मशीनच्या पडद्यावर दिसणारा मोठा आकडा मित्रांना दाखवायला ठीक आहे, हूकला तो मारक आहे.

आणि प्रचंड फेरे हा एकमेव मार्ग नाही. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमाँटी दोन्ही हातांनी, अंगठा न घालता बॉल टाकतो आणि अफाट फेरे देतो. लहानपणी बॉल एका हाताने पेलायचा नाही, म्हणून लागलेली ही सवय. उलट वॉल्टर रे विल्यम्स ज्युनिअरने बऱ्यापैकी सरळ, कमी वळणाऱ्या बॉलवर अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यात ४७ विजेतेपदं मिळवली.

६. बॉलवरची तेलाची कडी

आपण काय केलं हे ओळखायला कॅमेरा लागत नाही. बॉल परत आला की पुसायच्या आधी तो उजेडात धरा. लेनवर तो जिथे घासत गेला तिथे तेलाची बारीक गोल रेघ उमटलेली असते. साध्या भाड्याच्या बॉलवर ती एकच, स्पष्ट दिसते.

ही कडी मोठी असेल आणि अंगठ्याच्या व बोटांच्या भोकांच्या बाजूने, इंच-दोन इंचांवरून जात असेल, तर आस आडवाच आहे आणि हात ठिकाणावर. कडी लहान, भोकांपासून खूप दूर असेल, तर आस उभा झालाय. म्हणजे मनगट वरून पिळलं जातंय. कडी ठीक आहे पण बॉल वळत नाही, असं झालं तर दोष तेलात, वेगात किंवा आसाच्या कोनात शोधा. कडीवरून आस उभा झाला का ते कळतं, तो पुढे-मागे किती वळला ते कळत नाही. रेघ उमटलीच नाही, तर त्या लेनवर तेल जवळपास उरलेलं नाही. गर्दीच्या दिवशी संध्याकाळी असं सर्रास आढळतं.

तेल खेळता खेळताही हलतं. प्रत्येक बॉल थोडं उचलून नेतो, त्या वाटेवर लेन कोरडी पडते आणि मघापर्यंत पॉकेटमध्ये बसणारा बॉल लवकर वळून पहिल्या पिनच्या डावीकडे लागू लागतो. तेव्हा हात बदलू नका, पाय बदला. बॉल ज्या बाजूला चुकला त्याच बाजूला दोन-तीन पट्ट्या सरकून उभे राहा आणि लेनवरच्या ज्या बाणावर नेम धरता, तो तोच ठेवा. डावीकडे सरकल्याने बॉल जरा जास्त बाहेर जातो आणि पिनांपाशी पुन्हा जुन्या जागी येतो.

उजव्या कोपऱ्यातली दहावी पिन एकटी उरली, तर मात्र हूक विसरा. गटरला खेटून उभ्या असलेल्या पिनवर वळणारा बॉल टाकणं म्हणजे तेलाच्या भरवशावर बसणं. डाव्या बाजूने तिरकं उभं राहा, बोटं सहाच्या आकड्यावरच ठेवून, हात न वळवता सोडा. आसाचा कोन शून्य, बाजूचा रेटा शून्य. मग तेल असो वा नसो, बॉल सरळच जातो. पक्के खेळाडू यासाठी पॉलिएस्टरचा वेगळा बॉल पिशवीत ठेवतात. मॉलमध्ये तुमच्या हातात आधीच तो असतो.